54 मुलं लागणार आणि खोलीत मावणार 48: बंदरावरच्या एका छोट्या क्लासचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव मालवण-देवगड पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही. बंदर आहे, एसटी स्टँड आहे, दोन हायस्कूल आहेत आणि खाडीपलीकडच्या सात-आठ वाड्यांची मुलं रोज इथेच शाळेला येतात. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना मी मॅडमच म्हणतो, कारण गावात सगळे तेच म्हणतात. एम.एस्सी. बी.एड., गणित-विज्ञान. एका शाळेत तासिका तत्त्वावर होत्या, ते तास बंद झाले. मग काजूच्या कारखान्यात दुपारी साडेअकरा ते चार हजेरी आणि हिशोब बघायला लागल्या, महिना 6,000 वर. मी त्याच कारखान्याचं अकाउंट बघतो, ओळख तिथलीच.

घराच्या पडवीत त्या वाडीतल्या सहा मुलांना शिकवायच्या, कोणी दोनशे द्यायचं, कोणी नारळ-कोकम आणून द्यायचं. शिकवणं चांगलं होतं याबद्दल कोणाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की स्टँडजवळ खोली घेऊन रीतसर क्लास काढला तर त्यातून घर चालेल का. एप्रिलमध्ये एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "दादा, हे जरा तपासून देता?"

पानावर असं होतं: आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान, फी महिना 600. वीस-वीसच्या दोन बॅच, म्हणजे 40 मुलं, म्हणजे महिन्याला 24,000. खर्च 7,000. हातात 17,000. याच्या जोरावर कारखान्याचं काम मे अखेर सोडायचं असं ठरलं होतं.

खर्चाचा आकडा त्यांनी बरोबर काढला होता, उलट माझ्यापेक्षा बारकाईने काढला होता. भाडं 4,500, लाईट 700, झेरॉक्स आणि कागद 900, झाडलोट करणाऱ्या मावशींचे 600, नेट-मोबाईल 300. गडबड उत्पन्नाच्या बाजूला होती.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली गोष्ट म्हणजे भाडं बारा महिने जातं आणि फी दहा महिनेच येते. एप्रिल-मे मध्ये कोकणात कोण क्लासला येतंय, अर्धी पोरं आंब्याच्या कामात नाहीतर मुंबईहून आलेल्या भावंडांबरोबर. म्हणजे एका मुलाचे वर्षाला 7,200 नाही, 6,000.

दुसरी गोष्ट, लिहिलेली फी आणि आलेली फी यात फरक पडतो आणि तो थोडाथोडका नसतो. सख्खी भावंडं आली की सवलत मागतात आणि द्यावी लागते, कोण दिवाळीनंतर सोडतं, कोणाचं थकतं आणि थकलेलं तसंच राहतं, एक-दोन मुलं अशी असतात की ज्यांच्याकडे मागायलाच जीव होत नाही. मी गावातल्या दोन जुन्या क्लासवाल्यांना ओळखीने विचारलं, दोघांनीही शंभरातले ऐंशी हातात पडतात असंच सांगितलं. म्हणून 6,000 चे धरले 4,800. त्यातून त्या मुलाच्या नोट्स, टेस्टचे पेपर वगैरे वर्षाचे 300 गेले. उरले 4,500. एक मूल क्लासला वर्षाकाठी खरोखर देतं ते एवढं.

आता भागाकार. वर्षाचा ठरलेला खर्च 84,000. त्याला 4,500 ने भागलं की 19 मुलं. एवढी आली तर क्लास चालू राहतो पण मॅडमना एक पैसा मिळत नाही. बेंच, फळा, इन्व्हर्टर यावर 50,000 जाणार होते, ते चार वर्षांत वसूल करायचे म्हटले तर वर्षाला 12,500, मग लागतात 22 मुलं. आणि मॅडमनी स्वतःच्या कामाचे महिना 12,000 धरले (सहा हजाराची नोकरी सोडून दिवसभर राबायचं तर एवढं तरी पाहिजेच ना), तर वर्षाची गरज 2,40,500 होते आणि मुलं लागतात 54.

हे तीन आकडे मी मुद्दाम वेगवेगळे लिहून दिले. क्लास काढणारे बहुतेक लोक पहिलाच आकडा काढतात आणि त्यालाच "क्लास परवडला" म्हणतात. भाडं निघतंय म्हणजे परवडतंय असं नाही, शिकवणाऱ्याचा पगार त्यात धरलेलाच नसतो.

मग प्रश्न आला की 54 मुलं बसणार कुठे. खोली बघायला गेलो. स्टँडच्या मागे, खाली किराणा दुकान, वर 12 बाय 15 ची खोली. मॅडमनी दहा बेंचची ऑर्डर द्यायचं ठरवलं होतं, दोन-दोन मुलं म्हणजे वीस. मी म्हटलं आधी जमिनीवर आखून बघू. खडूने आखलं. पुढचे तीन फूट फळ्याला आणि शिकवणाऱ्याला सोडावेच लागतात. उरलं 12 बाय 12. चार फुटी बेंच दोन्ही भिंतींना लावले की मध्ये चार फूट वाट राहते, तिसरा बेंच घातला तर वाटच राहत नाही. मागे-पुढे एका रांगेला जवळजवळ तीन फूट लागतात, दप्तर कुठे ठेवणार, गुडघे कुठे जाणार. मॅडमचा नववीतला भाचा बरोबर होता, त्याला आखलेल्या दोन रेषांमध्ये फतकल मारून बसवलं आणि मागच्या रेषेत मी बसलो, तर माझे पाय त्याच्या पाठीला लागत होते. चार रांगा, आठ बेंच, सोळा मुलं. याच्या पुढे एक नाही.

नंतर वाचताना कळलं की केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात एका बॅचमध्ये मुलामागे किमान 1 चौरस मीटर जागा धरलीय. त्या सूचना 50 पेक्षा जास्त मुलांच्या सेंटरसाठी आहेत, हा क्लास त्यात बसत नाही, पण 180 चौरस फूट म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर. खडूने काढलेला आकडा आणि तो आकडा जवळजवळ एकच निघाला.

बॅच किती घेता येतील हे मॅडमच्या हातात नव्हतं, ते गाडीच्या वेळेवर होतं. शाळा अकरा ते पाच. खाडीपलीकडची पहिली गाडी सकाळी सात चाळीसला स्टँडवर येते, म्हणजे सकाळची एक बॅच आठ ते साडेनऊ. संध्याकाळी शाळा सुटल्यावर सव्वापाच ते साडेसहा दुसरी, कारण पलीकडची शेवटची गाडी पावणेसातला. त्यानंतर पावणेसात ते आठ तिसरी, ती फक्त गावातल्या मुलांची. तीन बॅच गुणिले सोळा, 48.

लागणार 54, मावणार 48. म्हणजे खोली तुडुंब भरली, एकही जागा रिकामी राहिली नाही, तरी मॅडमना 12,000 मिळणार नव्हते. हे एप्रिलमध्ये कळलं म्हणून बरं झालं.

कोणते पर्याय बघितले

पडवीतच चालू ठेवायचं, हा पहिला. भाडं शून्य. पण घर स्टँडपासून तीन किलोमीटर, शेवटचा तुकडा पाणंदीचा, जुलैच्या पावसात संध्याकाळी सहाला काळोख होतो तेव्हा तिथे दुसऱ्या वाडीतली मुलगी कोण पाठवणार. मुलं दहा-बाराच्या वर कधीच गेली नसती.

दुसरा पर्याय एका ओळखीच्या शिक्षकांनी सुचवला, मी पण येतो, निम्मे-निम्मे करू, माझ्या शाळेतली वीस मुलं मी आणतो. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 मध्ये सरळ लिहिलंय. मॅडमनी हात जोडून नाही म्हटलं. मला तो निर्णय फक्त कायद्याच्या दृष्टीने नाही तर धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर वाटतो, ज्याच्या नावावर मुलं येतात तो गेला की मुलं पण जातात.

तिसरा, फी वाढवायची. गावातला जुना क्लास दहावीला दोन विषयांचे 8,000 घेतो. मॅडमना नवीन क्लास म्हणून कमी ठेवायची होती. इथे आमची बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं असं की दहावीला पालक स्वस्त बघून क्लास लावत नाहीत, विश्वास बघून लावतात, मग शंभर-दोनशे कमी करून मुलं वाढणार नाहीत, फक्त पैसे कमी येतील. शेवटी वर्षाची फी ठरली: दहावी 8,000, नववी 6,500, आठवी 5,500. सगळ्या बॅच भरल्या तर सरासरी 6,600 च्या आसपास, त्यातले ऐंशी टक्के 5,300, नोट्स वजा जाता 5,000.

आणि चौथा पर्याय, दुपारी खोली कोणालातरी द्यायची. अकरा ते साडेचार ती रिकामीच असणार. गावात एक ताई शिवणक्लास घ्यायच्या, त्यांना जागा हवी होती, महिना 1,500 द्यायला तयार होत्या. घरमालक काकांना विचारलं तर ते म्हणाले करारात तसं लिहा, माझी हरकत नाही. हे धरलं तर वर्षाचा ठरलेला खर्च 84,000 वरून 66,000 वर येतो. नवीन फी आणि हे भाडं दोन्ही धरून पुन्हा भागाकार केला: फर्निचरसकट खर्च भागायला 16 मुलं, मॅडमच्या पगारासकट 45. आता 45 हा आकडा 48 च्या आत होता. काठावर, पण आत.

काय ठरलं आणि काय केलं

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: कारखान्याचं काम सोडायचं नाही. ते दुपारी साडेअकरा ते चार, क्लास सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही एकमेकांना आडवे येत नव्हते. मॅडमना हे आवडलं नव्हतं. क्लास काढायचा तर पूर्ण जीव ओतून काढायचा असं त्यांचं होतं. पण पहिल्याच वर्षी 45 मुलं येणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं.

खोली 1 जूनपासून घेतली, करार 11 महिन्यांचा, रजिस्टर करून. डिपॉझिट 20,000. बेंच दहाच्या ऐवजी आठ केले, गावातल्या सुताराकडून, 2,200 ला एक, एकूण 17,600. फळा 3,400. इन्व्हर्टर-बॅटरी 18,000, कारण पावसाळ्यात संध्याकाळी लाईट जाते आणि सातच्या बॅचला काळोखात बसवता येत नाही. पंखे-ट्यूब 5,000, रंग आणि बोर्ड 6,000. हे झाले 50,000, डिपॉझिट धरून 70,000. मॅडमची शिल्लक होती 75,000. म्हणजे जून उजाडला तेव्हा हातात फक्त 5,000 होते. ही चूक होती, आणि ती माझ्याही नजरेतून सुटली. मी वर्षाचा हिशोब केला, महिन्याचा केलाच नाही.

शिवणक्लासच्या ताईंशी बोलणं झालं होतं पण लिहून काही घेतलं नव्हतं. जूनमध्ये त्या म्हणाल्या पावसाळ्यात बायका येत नाहीत, गणपती झाल्यावर बघू. तो हिस्सा सप्टेंबरपासून सुरू झाला.

जून-जुलै: पैसे का आले नाहीत

जुलै अखेरपर्यंत नावं 28 झाली. दहावी 5, नववी 11, आठवी 12. नव्या क्लासला हे वाईट नाही. नियम असा ठेवला होता की निम्मी फी प्रवेशाच्या वेळी. एकूण लिहिलेली फी 1,77,500, म्हणजे निम्मे साधारण 89,000 जून-जुलैत यायला हवे होते. आले 11,500.

त्या दोन महिन्यांत भाडं आणि बाकी खर्च 14,000, नोट्स-छपाई 3,000. शिल्लक 5,000 अधिक 11,500, वजा 17,000. बघा काय उरतं ते. ऑगस्टचं भाडं द्यायला पैसे नव्हते आणि क्लासमध्ये 28 मुलं बसत होती.

मॅडम रडकुंडीला आल्या. त्यांना वाटलं लोकांना आपल्यावर विश्वास नाही म्हणून पैसे अडवून धरलेत. मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे घरचा धंदा लिहिला. 28 पैकी 12 घरं मासेमारीची, 6 आंबा-काजूवाली, 10 नोकरी-दुकानवाली. जे 11,500 आले ते जवळजवळ सगळे शेवटच्या दहाकडून होते.

मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, सरकारी बंदी आहे, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. त्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ म्हणजे नेमके हेच दोन महिने, त्यात मुलांची वह्या-पुस्तकं, गणवेश, छपराची डागडुजी आणि जाळी दुरुस्ती. आणि आम्ही त्यांच्याकडे निम्मी फी मागत होतो जूनमध्ये! आंबावाल्यांचं उलट, त्यांचा वाशीचा हिशोब मे अखेर-जूनच्या सुरुवातीला होतो, पैसे हातात असतात तेव्हा कोणी मागितले नाहीत, जुलैत मागायला गेलो तोवर खत, गडी आणि सोसायटीचं कर्ज यात ते संपले होते. फी मोठी नव्हती, मागायची वेळ चुकली होती.

एका आठवीतल्या मुलाची आई स्वतःहून आली होती, मी तेव्हा तिथेच होतो. दारातच उभी राहिली, आत बसली नाही. म्हणाली, "मॅडम, होडी पान्यात गेली काय पयली तुमची फी देतंय, तवसर झिलाक बसूक द्या." मॅडमनी वहीत तिच्या मुलाच्या नावापुढे रकमेच्या शेजारी "नारळी पौर्णिमेनंतर" असं लिहिलं. मग मला म्हणाल्या, सगळ्यांनाच असं विचारू या का, कधी जमेल म्हणून.

तेच केलं. वहीत रकमेच्या रकान्याशेजारी "कधी" असा नवा रकाना आखला आणि प्रत्येक पालकाला विचारून भरला. मासेमारीवाल्यांची फी सप्टेंबरपासून चार हप्त्यांत केली. नोकरीवाल्यांना महिन्याच्या 5 तारखेला. आंबावाल्यांना त्या वर्षी जमेल तसं, पण पुढच्या वर्षापासून 10 जूनच्या आत पूर्ण फी दिली तर पाच टक्के कमी. घरमालक काकांना खरं ते सांगितलं, त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरचं भाडं एकत्र घ्यायचं कबूल केलं. दिवाळीपर्यंत बारा मासेमारीच्या घरांपैकी नऊ जणांची निम्मी फी आली होती, न मागता.

याच दिवसांत एक मोह झाला होता तो सांगायला हवा. पाचवी ते सातवीची पंधरा-वीस मुलं, सगळे विषय, महिना 300, पैसे दर महिन्याला रोख, असं दोन-तीन पालक म्हणत होते. तेव्हा रोख पैशाची इतकी गरज होती की मॅडम हो म्हणणारच होत्या. पण बसवणार कधी? मोकळी वेळच नव्हती, पावणेसातची बॅच त्यांना द्यावी लागली असती आणि 5,500 ची आठवी जाऊन 3,000 ची सातवी आली असती. तेवढ्याच बेंचवर, तेवढ्याच वेळात.

गाडीची वेळ बदलली

दिवाळीनंतर पलीकडची पावणेसातची गाडी सव्वासहाला सुटायला लागली. नववीची पाच मुलं त्या गाडीची होती. बॅच साडेसहाला सुटायची. आठवडाभर ती मुलं सहालाच उठून जायची, प्रमेय अर्धवट टाकून.

नववीची बॅच पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू केली, सहा-पाचला सोडली, आणि बुडालेला वेळ भरायला रविवारी सकाळी दोन तास. तीन मुलं टिकली. दोन गेली, त्यांच्या घरच्यांना रविवारचं जाणं-येणं जमत नव्हतं. दोन मुलं म्हणजे सोळातली दोन नाही, अकरातली दोन.

पाच मुलांची दहावी ठेवायची का

ऑगस्टमध्ये, पैसे नसताना, हा प्रश्न जोरात आला होता. रोज सकाळी दीड तास आणि मुलं फक्त पाच. मॅडमच्या घरचे म्हणत होते ही बॅच बंद करा, सकाळी जरा आराम करा. हिशोबाने बघितलं तर खोलीचं भाडं ती बॅच असो-नसो जाणारच होतं, पाच मुलांच्या नोट्सचे 1,500 वाचले असते आणि 40,000 ची लिहिलेली फी गेली असती. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. गावात क्लासची जाहिरात बोर्डाने होत नाही, दहावीच्या निकालाने होते. नववीत बसलेल्या अकरा मुलांचे पालक बघत होते की या पाचांचं काय होतंय.

मॅडमनी जानेवारीपासून त्या पाचांना दर रविवारी 40 मार्कांचा बोर्डासारखा पेपर दिला, एकदा भाग एक, एकदा भाग दोन, दोन तास घड्याळ लावून, आणि तपासलेला पेपर पालकांच्या सहीसाठी घरी पाठवला. पाचच मुलं असल्यामुळेच हे जमलं. पाचही पास झाली. त्यातली दोघं सहामाहीत गणितात नापास होती.

पहिल्या वर्षाचा हिशोब

लिहिलेली फी 1,77,500, आलेली 1,39,000. म्हणजे 78 टक्के. न आलेले 38,500 कुठे गेले हे आम्ही नावानिशी लिहून काढलं: भावंडांची सवलत 7,000, मध्येच सोडून गेलेल्या चार मुलांचे 13,500, दोन मुलांची फी मॅडमनी पूर्ण माफ केली ते 12,000, आणि खरोखर बुडाले ते फक्त 6,000. लोक फी बुडवतात असं सगळे म्हणतात, इथे तरी तसं दिसलं नाही.

खर्च: शिवणक्लासचे नऊ महिन्यांचे 13,500 वजा करून 70,500, नोट्स 8,400. उरले 60,100. फर्निचरचे 12,500 काढले की 47,600, म्हणजे महिन्याला साधारण 4,000. कारखान्याचे 6,000 धरून मॅडमचं महिन्याला दहा हजारावर भागलं. ते काम मे मध्ये सोडलं असतं तर क्लास ऑगस्टमध्येच बंद पडला असता, हे मी खात्रीने सांगतो.

वेगळं काय करता आलं असतं

दहावीला पाचच मुलं का आली याचं उत्तर आम्हाला उशिरा कळलं. पालक दहावीचा क्लास जूनमध्ये ठरवत नाहीत, नववीची परीक्षा संपली की लगेच ठरवतात, जुना क्लास एप्रिलमध्येच दहावीची सुट्टीतली बॅच सुरू करतो. आम्ही बोर्ड लावला 1 जूनला, तोवर सगळं ठरून गेलेलं होतं. एप्रिलमध्ये पडवीतच नववीच्या मुलांची पंधरा दिवस मोफत बीजगणिताची उजळणी घेतली असती तर खोली नसतानाही दहावीची आठ-दहा नावं आली असती असं मला वाटतं.

इन्व्हर्टरला 18,000 घालवायला नको होते, पहिल्या पावसाळ्याला चार्जिंगचे दोन मोठे दिवे पुरले असते आणि ते पैसे जून-जुलैला हातात राहिले असते. मी आता कोणी विचारलं तर सांगतो की डिपॉझिट-फर्निचर सोडून तीन महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला असेल तरच खोली घ्या. इथे ते 21,000 होतात, होते 5,000.

शिवणक्लासचं लिहून घ्यायला हवं होतं, तीन महिन्यांचे 4,500 गेले. आणि गाडी बदलली तर काय, याचा विचार बॅचच्या वेळा ठरवतानाच व्हायला हवा होता. शेवटच्या गाडीच्या पंधरा मिनिटं आधी सुटणारी बॅच म्हणजे जरा गाडी अलीकडे आली की मुलं गेलीच. पलीकडची मुलं सकाळच्या बॅचला आणि गावातली संध्याकाळी, अशी इयत्ता न बघता वाटणी करता आली असती का, यावर आमचं अजून एकमत नाही. मॅडमच्या मते आठवी आणि नववी एकत्र बसवून गणित शिकवता येत नाही. ते त्यांनाच जास्त कळतं.

आत्ता

हे लिहितोय तेव्हा दुसरं वर्ष दिवाळीपर्यंत आलंय. नववीतली आठ मुलं दहावीला टिकली, पाच नवीन आली, दहावी 13. नववी 14, आठवी 13. एकूण 40. लिहिलेली फी 2,66,500, त्यातले 1,24,000 आलेत, आणि आंबावाल्या सात घरांपैकी पाच जणांनी 10 जूनच्या आत पूर्ण दिली. ऐंशी टक्क्याने वर्ष संपलं तर मॅडमना क्लासमधून महिन्याला दहा हजाराच्या आसपास पडतील. कारखान्यात त्या अजून येतात, जूनमध्ये सोडायचं म्हणतायत.

घरमालक काकांनी परवा सांगितलं की मार्चमध्ये करार संपतोय, पुढे भाडं 5,200 करावं लागेल. महिन्याला 700, वर्षाचे 8,400, एका मुलाचे 5,000 धरले तर आणखी दोन मुलं. म्हणजे 45 चे 47, आणि खोलीत मावतात 48. मॅडम 4,800 म्हणतायत आणि जिन्याची गळती काढून द्या म्हणतायत. बोलणी चालू आहेत.